लग्न झालं, बायोडेटा मात्र परत आला

मार्चच्या बावीस तारखेला सकाळी अमळनेरहून एका मावशींचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता. "भाऊ, मनी आंडेरनं लगीन व्हयी गयं, तरी बी तिना फोटो तठे कसा दिखस?" जळगावात बसून मी समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट सांभाळतो. मावशींच्या मुलीचा बायोडेटा मी स्वतः ३ मार्चला काढला होता. पान उघडून बघितलं, तर फोटो, उंची, शिक्षण, मामांचं गाव, वडिलांचा मोबाईल नंबर, सगळं जिथल्या तिथे. शिरपूरकडच्या एका नातेवाइकाने ते बघितलं होतं आणि सासरी जाऊन विचारलं होतं, "अजून स्थळं बघतात का हो?"

मी खोटं बोललो नव्हतो. ३ मार्चला डिलीट केलं होतं आणि त्याची खात्रीही केली होती. तरी बायोडेटा परत आला. तो कुठून आला याचा शोध घेताना मला माझ्याच सिस्टीममध्ये तो इतक्या ठिकाणी सापडला, की "काढून टाकलं" हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते कळलं.

आधी डिलीट म्हणजे डेटाबेस नक्की काय करतो ते बघू. आमची साइट पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते. त्यात एक टेबल आहे, `biodata`, सुमारे १२,००० ओळींचं. एका माणसाची एक ओळ. मी ही आज्ञा दिली होती:

```sql
DELETE FROM biodata WHERE id = 11874;
```

उत्तर आलं `DELETE 1`, म्हणजे एक ओळ गेली. पण डिस्कवरची ओळ जागची हललीही नाही. तिच्या डोक्यावर `xmax` नावाचा एक रकाना असतो. डेटाबेसने त्यात ही आज्ञा ज्या व्यवहारात चालली त्याचा क्रमांक लिहिला, बस. पुढे कोणी टेबल वाचायला आलं, की डेटाबेस तो क्रमांक बघतो आणि ही ओळ दाखवायची नाही असं ठरवतो.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं जातं, कारण सातबारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. उताऱ्यावरचं जुनं नाव कोणी रबराने खोडत नाही. नावाला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. कंसातलं नाव आता हक्कात नाही हे तलाठ्यालाही कळतं आणि आपल्यालाही, पण नाव वाचता येतंच. `xmax` म्हणजे तो फेरफार क्रमांक. फरक एवढाच, की सातबाऱ्यावरचा कंस डोळ्यांना दिसतो आणि डेटाबेस कंसातली ओळ आपल्यापुढे आणतच नाही, त्यामुळे ती नाहीच असं वाटतं.

अशी रचना मूर्खपणाची नाही. मी डिलीट करत असतो त्याच क्षणी दुसरं कोणी मोठी यादी वाचत असू शकतं. त्याच्या यादीतून ओळ मध्येच गायब होऊ नये, म्हणून जुनी प्रत ठेवावी लागते. नंतर व्हॅक्युम नावाची झाडलोट येते आणि अशा मेलेल्या ओळींची जागा मोकळी झाल्याचं नोंदवते. ही झाडलोट आपोआप होते, पण रोज नाही. मेलेल्या ओळींची संख्या ५० अधिक टेबलाच्या २० टक्के इतकी झाली की ती सुरू होते, असा मूळ नियम आहे. १२,००० ओळींच्या टेबलाला तो आकडा २,४५० येतो. ओळीत बदल केला तरी जुनी प्रत मरते, त्यामुळे दिवसभर उलाढाल असलेल्या टेबलात तो लवकर गाठला जातो. आमच्याकडे लग्नसराई सोडली तर सामसूम, तिथे महिने जातात.

आणि झाडलोट झाली तरी जागा फक्त "वापरायला मोकळी" होते. तिथले बाइट पुसले जात नाहीत, दुसरं काही त्यांच्यावर लिहिलं जाईपर्यंत तसेच पडून राहतात. माझा यावर विश्वास बसत नव्हता, म्हणून वेगळ्या मशीनवर करून पाहिलं. एक खोटी ओळ सगळ्यांत शेवटी घातली, डिलीट केली, हाताने व्हॅक्युम चालवलं, सगळं डिस्कवर उतरवलं आणि मग टेबलाच्या फाइलमध्येच ते खोटं नाव शोधलं. सापडलं. `VACUUM FULL` चालवल्यावर मात्र त्या फाइलमध्ये ते मिळालं नाही, कारण तेव्हा पोस्टग्रेस जिवंत ओळी उचलून नवी फाइल लिहितं आणि जुनी काढून टाकतं. तेवढा वेळ टेबल पूर्ण बंद असतं, त्यामुळे हा उद्योग कोणी रोज करत नाही. जुन्या फाइलचे बाइट डिस्कवर कुठे उरतात हा आणखी पुढचा प्रश्न. एसएसडीमध्ये तर तुम्ही त्याच जागी लिहायला सांगितलं तरी डिस्क स्वतःच्या सोयीने दुसऱ्या जागी लिहिते.

यातली एक गोष्ट मला अजूनही गंमतशीर वाटते. पोस्टग्रेस कुठलाही बदल करण्याआधी तो एका रोजनामच्यात लिहितं, वीज गेली तर सावरता यावं म्हणून. या रोजनामच्याला वॉल म्हणतात. डिलीटची नोंद तशी छोटी असते, अमुक पानावरची अमुक ओळ गेली एवढीच. पण डेटाबेस ठरावीक वेळाने सगळं डिस्कवर पक्कं करतो आणि त्यानंतर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला, की ते आठ किलोबाइटचं पान जसंच्या तसं रोजनामच्यात उतरवलं जातं. मुलीची ओळ त्याच पानावर होती, फक्त कंसात गेलेली. म्हणजे तिला काढण्याच्या कृतीनेच तिची एक ताजी नक्कल तयार केली. कोणी रोजनामचे साठवून ठेवत असेल, आणि मोठ्या ठिकाणी ठेवतातच, तर ती नक्कल तिथेही गेली.

तरी मावशींच्या मुलीचा बायोडेटा यातल्या कशामुळे परत आला नव्हता. डिस्कवर पडलेले बाइट उचलून कोणी वेबसाइटवर आणत नाही, त्यासाठी सर्व्हरच हातात लागतो. तिला परत आणलं बॅकअपने, आणि ती चूक माझी होती.

रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारी एक स्क्रिप्ट मी लावली होती. शेवटच्या सात रोजच्या प्रती आणि दर महिन्याच्या एक तारखेची प्रत सहा महिने, अशा एकूण तेरा फाइल ठेवायच्या. स्क्रिप्टची मुख्य ओळ ही:

```bash
pg_dump vadhuvar | gzip > /backup/vadhuvar-$(date +%F).sql.gz
```

२ मार्चला दुपारी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरलो. त्या रात्रीपासून प्रत काढणाऱ्या `pg_dump` ला दारातूनच परत पाठवलं जाऊ लागलं. पण उभ्या रेघेने जोडलेल्या दोन आज्ञांचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. ती प्रत दाबून बांधणाऱ्या `gzip` ने रिकामं पोतं बांधून दिलं आणि काम फत्ते असं कळवलं. मला रोज सकाळी "बॅकअप झाला" असा मेल येत होता. फाइलही तयार होत होती, २० बाइटची. काहीच नसलेलं `gzip` ने बांधलं, की बरोबर तेवढीच फाइल होते. मी कधी आकार बघितला नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला `set -o pipefail` एवढं असतं तरी पहिल्याच रात्री बोंब झाली असती.

१४ मार्चला डेटाबेसच्या मशीनची डिस्क गेली. तोपर्यंत रोजच्या सात जागांमध्ये सातही रिकामी पोती होती. २ मार्चची शेवटची भरलेली प्रत माझ्याच नियमाने जुनी ठरून कधीच कचऱ्यात गेली होती. उरली ती महिन्याची, १ मार्चची. तीच लावली आणि साइट उठली. १ ते १४ मार्चमध्ये नव्याने आलेल्या ८४ नोंदी गेल्याचं लगेच कळलं, कारण "आमचा बायोडेटा दिसत नाही" म्हणून फोन सुरू झाले. ज्यांच्या नोंदी त्याच काळात काढल्या होत्या, त्यांच्याकडून एकही फोन आला नाही. आपण काढलेली गोष्ट पुन्हा येऊन बसली आहे का, हे बघायला कोण कशाला साइटवर जाईल? अशी १७ माणसं होती. आठ दिवस त्यांच्यातल्या १५ जणांची माहिती उघडी राहिली आणि पहिला आवाज अमळनेरहून आला.

बॅकअप हा काळाचा एक तुकडा असतो. त्याला पुढे काय घडलं ते माहीत नसतं. तो परत लावला की हरवलेलं परत येतं आणि मुद्दाम काढलेलंही तेवढ्याच निष्ठेने परत येतं.

मग बॅकअपमधूनही माहिती का काढत नाही, असं मंडळाच्या अध्यक्षांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझ्या बाबतीत फाइल म्हणजे साधा मजकूर बांधलेला, त्यामुळे जमलं असतं. तेरा फाइल सोडायच्या, प्रत्येकीतून ओळ काढायची, पुन्हा बांधायच्या, आणि दुसऱ्या शहरात ठेवलेल्या प्रतींवरही तेच. हे दर विनंतीला. शिवाय जी फाइल संकटाच्या दिवशी एकमेव आधार असते, तिच्यात दर आठवड्याला हात घालायचा. हात चुकला तर ते आग लागल्यावरच कळणार. मोठ्या डेटाबेसमध्ये तर हेही शक्य नसतं. तिथे टेबलाच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत आणि तिच्यापुढचे रोजनामचे असा संच असतो. मधलं एक पान बदललं तर पुढचा रोजनामचा त्याच्याशी जुळेलच असं नाही. वर हल्ली खंडणीखोर व्हायरसच्या भीतीने बॅकअप असा ठेवतात, की ठरलेल्या मुदतीपर्यंत तो मालकालाही बदलता किंवा पुसता येऊ नये. ते कुलूप चोरासाठी आहे, पण ते मावशींच्या मुलीलाही लागू होतं.

म्हणून जगभर मान्य झालेला मार्ग हा, की बॅकअपला वयाने मरू द्यायचं, तोवर त्यातल्या काढलेल्या माहितीचा कशासाठीही उपयोग करायचा नाही, आणि किती दिवस लागतील ते माणसाला सांगायचं. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाचं मार्गदर्शनही याच धाटणीचं आहे. गूगलच्या धोरणात लिहिलं आहे, की चालू सिस्टीममधून माहिती पूर्ण जायला साधारण दोन महिने लागतात आणि बॅकअपमध्ये ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. हे वाचून पूर्वी मला वाटायचं, एवढी मोठी कंपनी आणि इतका आळस. आता तसं वाटत नाही.

"वापर करायचा नाही" हे मात्र कागदावर लिहून होत नाही. बॅकअप परत लावताना तो पाळला जाईल अशी सोय लागते, आणि ती सोय म्हणजे एक वही. कोणाला काढलं त्याची यादी. ती डेटाबेसच्या आत ठेवून उपयोग नाही, बॅकअप लावला की वहीसुद्धा १ मार्चची होईल. ती वेगळ्या ठिकाणी हवी आणि रिस्टोर झाल्यावर, साइट लोकांना उघडण्याआधी, ती चालवायची:

```sql
DELETE FROM biodata b USING erased e WHERE b.uid = e.uid;
```

या वहीत काय लिहायचं, इथे पहिली अडचण. नाव-नंबर लिहिला तर ज्यांनी "आम्हाला विसरा" म्हटलं नेमकी त्यांचीच यादी आपण कायमची जपली. काही जण सुचवतात, मोबाईल नंबरचा हॅश ठेवा, म्हणजे नंबरवरून गणिताने काढलेली एक खूण, जिच्यावरून उलट नंबर काढता येत नाही. हे मोबाईल नंबरला लागू पडत नाही. आपले नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. एवढ्या सगळ्या नंबरांच्या खुणा काढून जुळवून बघायला आजच्या ग्राफिक कार्डाला चहा होईपर्यंतचाही वेळ लागत नाही. वहीत फक्त नोंदीचा अंतर्गत क्रमांक आणि तारीख एवढंच पुरतं.

पण क्रमांकातही एक खड्डा होता आणि मी त्यात पडता पडता वाचलो. त्या १७ जणांची यादी करायला माझ्याकडे वही नव्हती. वेबसाइटचं मशीन वेगळं होतं, ते शाबूत होतं, त्यावरच्या लॉगमधून, म्हणजे साइटवर कधी काय घडलं हे आपोआप टिपणाऱ्या फाइलीतून, मी डिलीटच्या नोंदी काढल्या. एक ओळ होती `POST /admin/delete/12041`. हा मुलगा ५ मार्चला नोंदला गेला होता आणि ९ मार्चला त्याने नाव काढून घेतलं. १ मार्चच्या प्रतीत शेवटचा क्रमांक होता १२०३६. प्रत लावल्यावर क्रमांकांची मोजणीही तिथूनच पुढे सुरू झाली आणि हरवलेल्या ८४ नोंदी पुन्हा भरताना १२०४१ हा क्रमांक पारोळ्याच्या एका मुलीला मिळाला. मी यादी डोळे झाकून चालवली असती तर ज्याला काढायचं तो तर नव्हताच, आणि तिचा मात्र बायोडेटा गेला असता. १७ पैकी दोन क्रमांक असे निघाले. तेव्हापासून प्रत्येक नोंदीला एकापुढे एक क्रमांक न देता यूयूआयडी देतो, म्हणजे ३६ अक्षरांची अशी लांबलचक खूण जी पुन्हा कोणाच्या वाट्याला येत नाही. वरच्या आज्ञेतला `uid` तोच.

आता दुसरी जागा, जी मला कोणी विचारली नसती तर दिसलीच नसती. मंडळाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक छोटा डेटाबेस आहे. दरवर्षी परिचय मेळाव्याची पुस्तिका छापतात, तिच्यासाठी नाव, शिक्षण, गाव आणि मोबाईल एवढेच रकाने तिथे लागतात. रोज रात्री एक प्रोग्राम मुख्य डेटाबेसला विचारतो, कालपासून काय नवीन आलं किंवा बदललं? मिळेल ते घेऊन जातो. हरवलेल्या ८४ जणांची नावं आणि नंबर मला याच प्रतीतून मिळाले, म्हणून मी तिचे आभार मानत होतो. मग सहज म्हणून तिथल्या ओळी मोजल्या. मुख्य टेबलापेक्षा ६११ जास्त.

कारण त्या प्रश्नातच होतं. "काय नवीन, काय बदललं" असं विचारणाऱ्याला गेलेली ओळ कधी दिसतच नाही. जी ओळ नाही ती "मी बदलले" असं सांगायला येणार कशी? वेबसाइट सुरू झाल्यापासून काढलेला प्रत्येक माणूस त्या कॉम्प्युटरवर होता. काही जणांना मेळाव्याच्या निमंत्रणाचे फोनही जात होते म्हणे. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या मुलाला परिचय मेळाव्याचं निमंत्रण मिळणं हा घरात हसण्याचा विषय होतो, मुलीला मिळालं तर तसं होत नाही.

खरी रेप्लिका याहून बरी. मुख्य डेटाबेसचा रोजनामचाच जिच्याकडे सतत जातो ती प्रत डिलीटही मुकाट्याने पाळते, बहुतेक वेळा एखाद्या सेकंदात. तिथे वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. कोणी चुकीचं डिलीट केलं तर सावरायला म्हणून मुद्दाम काही तास मागे ठेवलेली प्रत आहे का, आणि जुनं मशीन बदलताना त्यातली रेप्लिका नुसतीच बंद करून कपाटात टाकली का. बंद रेप्लिकेला त्यानंतरचं काहीच कळत नाही, ती त्या दिवसावर गोठते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर खानदेशातल्या बहुतेक संस्थांमध्ये गळती रेप्लिकेत नसते. ती असते अशा "रिपोर्टसाठी काढून ठेवलेल्या" टेबलात, एक्सेलच्या फाइलीत आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफमध्ये. ऑफिसच्या प्रतीसाठी आम्ही केलेला उपाय अगदी साधा आहे. ती रोज नवं-जुनं न विचारता सगळी पुसून नव्याने भरायची. १२,००० ओळींना मिनिटही लागत नाही. कोटीभर ओळी असत्या तर वही तिथेही पाठवावी लागली असती.

लॉगचं प्रकरण त्यामानाने लवकर संपलं, कारण चूक उघड होती. साइटवर मोबाईल नंबरने शोधायची सोय होती आणि तो नंबर पत्त्याच्या ओळीतच जायचा, `/search?mobile=` असा. वेबसर्व्हर प्रत्येक पत्ता लॉगमध्ये लिहितो. डेटाबेसच्या लॉगमध्येही एखादी आज्ञा हळू चालली की ती नाव-नंबरासकट उतरत होती. लॉग म्हणजे सलग लिहिलेला मजकूर, त्यातून एका माणसाला वेचून काढायला लागलो तर तो लॉग राहत नाही. चोरी झाली तर पुरावा म्हणून त्याचा उपयोग संपतो. शिवाय तो ठेवणं आपल्या मर्जीवर नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग राखावे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम १२ माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं, पण दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग असेल तर ती ठेवायला वाव देतं. त्याच कायद्याच्या नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत काही नोंदी किमान वर्षभर राखायला सांगितल्या आहेत. म्हणजे लॉग पुसायचा नाही, तर मग त्यात जाऊच द्यायचं नाही. शोधाचा नंबर आता पत्त्यात जात नाही आणि लॉगमध्ये नावाऐवजी `uid` येतो. माणूस काढला की त्या खुणेवरून चालू डेटाबेसमध्ये कोणापर्यंत पोचता येत नाही, आणि लॉगही खरा राहतो.

आणखी एक युक्ती आहे, ती मी फक्त फोटो आणि जन्मपत्रिकेपुरती वापरली. प्रत्येक माणसाच्या फाइलींना त्याची स्वतःची वेगळी किल्ली लावून ठेवायची, आणि काढायची वेळ आली की किल्ली नष्ट करायची. फाइल तेरा बॅकअपमध्ये पडून असली तरी तिथे नुसता कचरा वाचायला मिळतो. बॅकअपला हात न लावता त्यातलं काढायची एवढी चांगली दुसरी रीत मला माहीत नाही. पण किल्ल्यांचाही बॅकअप लागतोच. तो सहा महिने ठेवला तर किल्लीही सहा महिने जिवंत, आणि ठेवलाच नाही तर किल्ल्यांची डिस्क गेली त्या दिवशी १२,००० जणांचे फोटो एकदम गेले. मी किल्ल्यांच्या प्रती सातच दिवस ठेवतो, दोन ठिकाणी, आणि त्यांचा आकार रोज बघतो. बायोडेटाच्या बाकी रकान्यांना ही रीत झेपत नाही. वय २४ ते २७, उंची पाच फूट दोनच्या पुढे, गाव धुळे जिल्ह्यातलं, असं शोधायचं तर डेटाबेसला ते रकाने उघडे वाचता आले पाहिजेत.

फोटोवरून आठवलं. डेटाबेसमधली ओळ काढली तरी फोटोची फाइल फोल्डरमध्ये तशीच होती आणि तिचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती दिसत होती. हे इतकं बाळबोध आहे की लिहितानाही कसंतरी होतं.

आता दर दोन महिन्यांनी मी एक जुना बॅकअप वेगळ्या मशीनवर लावतो, वही चालवतो आणि वहीतल्या किती नोंदी टेबलात उरल्या ते मोजतो. उत्तर शून्य यायला हवं. वही चालवण्याआधीही एकदा मोजतो, तेव्हा ते शून्यापेक्षा जास्त यायला हवं. तिथेही शून्य आलं तर वहीच रिकामी आहे किंवा चुकीचा बॅकअप लावला आहे. नुसतं शेवटचं शून्य बघून समाधान मानणं म्हणजे पुन्हा २० बाइटच्या फाइलीवर विश्वास ठेवणं.

मावशींना हे सगळं त्या दिवशी सांगणं शक्य नव्हतं. साइटवरून नोंद काढली, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढली, फोटो फोल्डरमधून काढला, मग फोन केला. म्हटलं, मावशी, आता कोणालाही दिसणार नाही. पण १ मार्चची एक प्रत कुलपात आहे, तिच्यात ताईंचं नाव अजून आहे. ती १ सप्टेंबरला जाईल, तोवर मी ती उघडली तर आधी तुमचं नाव काढूनच उघडेन.

"म्हणजे श्रावणातली कानबाई होऊन जाईल तोवर," त्या म्हणाल्या.

"हो, त्याच्याही थोडं पुढे."

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि ती छापलेली पुस्तिका? मागच्या मेळाव्यातली?"

मी म्हटलं, ती घरोघरी गेली मावशी, तिचं मला काहीच करता येणार नाही. त्यावर म्हणाल्या, ती राहू द्या, एक आमच्याकडेही आहे, कपाटात. फोटो छान आला आहे तिचा त्यात.